स्वस्त सीरम, स्वस्त शूज: पैसे भरण्याआधी मी काय बघते

ताई, मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लबवर पळतो. त्याला एका ॲपवर ९,९९९ चे रनिंग शूज १,८९९ ला दिसलेत, चारच्या वर स्टार आहेत. लेकीने तिथंच १,२५० चं परदेशी कंपनीचं सीरम ३९९ ला शोधून ठेवलंय. फोटोत दोन्ही अगदी ओरिजिनल दिसतात. पैसे भरायच्या आधी घरबसल्या कसं ओळखायचं? सिडकोत राहतो, शूजसाठी एक-दोन दुकानं फिरून झालीत, पण भाव झेपत नाहीत.

फोटोवरून ओळखायचा नाद सोडा. मेन रोडवर कॉस्मेटिक्सचं दुकान चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली, भावाचं शूजचं दुकान कॉलेज रोडला आहे, आणि गेली सहा वर्षं आम्ही दोघं ऑनलाइनही माल विकतो. तरी नुसत्या फोटोवरून मला सांगता येत नाही. नकली विकणारा नकली मालाचा फोटो लावतच नाही, तो कंपनीच्या साइटवरचा उचलतो. तुम्ही बोटांनी मोठी करून जी शिलाई निरखताय ती खऱ्या बुटाचीच असते. घरी येतो तो बूट वेगळा.

मी आधी भाव बघते, पण 'एवढं स्वस्त म्हणजे नकली' असं मोघम म्हणून सोडत नाही. कागदावर उलटा हिशोब मांडते. तुमच्या सीरमचाच मांडू.

ग्राहक ३९९ देतो. सीरमवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो या ३९९ च्या आतच धरलेला असतो. तो काढला की ३३८ उरतात. त्यातून ॲपचं कमिशन, कुरियर आणि खोका-बबल रॅप मिळून १०० ते ११० रुपये जातात. हा आकडा माझ्या स्वतःच्या हिशोबातला आहे, हलक्या पार्सलचा. म्हणजे विक्रेत्याच्या हातात २३० च्या आसपास पडले, आणि त्याचा नफा यातूनच निघायचाय. आता दुसरी बाजू. १,२५० छापील किमतीच्या मालावर दुकानदाराला अगदी सढळ हाताने ३० टक्के सुटले असं धरू. मग खरेदी ८७५ ला. त्यातला जीएसटी परत मिळतो, तो वजा केला तरी बाटली ७४० ला पडते. ७४० ची वस्तू २३० हातात घेऊन कुणी रोज विकत असेल तर ती वस्तू ती नव्हेच.

हा हिशोब कॉस्मेटिक्सला चपखल बसतो, कारण या धंद्यात खरा माल फेकून द्यावा लागण्याचं एकच मोठं कारण असतं: मुदत संपत आलेली असते. तसं असेल तर प्रामाणिक विक्रेता ते पानावर लिहितो, आणि तरीही सवलत निम्म्यापर्यंत येते. वर्षभर, सगळ्या शेड, सगळ्या बाटल्या, सत्तर टक्के सवलतीत, हे खऱ्या मालाच्या बाबतीत होत नाही.

शूजचं मात्र वेगळं आहे, आणि इथेच लोक दोन्ही बाजूंनी फसतात. नामांकित कंपन्यांचे खरे शूज साठ टक्के सवलतीत खरोखर मिळतात. नवं मॉडेल आलं की जुनं निघतं, हंगाम संपला की साठा मोकळा करतात. म्हणून नुसता भाव बघून खरा जोडाही हातचा जातो. माझा भाऊ अशा वेळी साइझ बघतो. खऱ्या सेलमध्ये उरतो तो 'कट साइझ'चा माल. सात, आठ, नऊ हे साइझ सगळ्यात आधी उडतात. मागे राहतात सहा, अकरा, एखादा साडेदहा, आणि रंगही असा की कुणी घेतला नाही असा. सवलत जितकी खोल तितके साइझ तुटके. आता तुमचं पान उघडून बघा. १,८९९ ला काळा, पांढरा, निळा, लाल, सगळे रंग, आणि प्रत्येकात सहापासून अकरापर्यंत सगळे साइझ हजर असतील तर तो उरलेला माल नाही. तो त्या भावात विकण्यासाठीच बनवलेला माल आहे. कट साइझ दिसले म्हणजे खराच, असं मात्र नाही. पण ऐंशी टक्के सवलत आणि भरगच्च साइझ ही जोडी मी तरी खऱ्या मालात कधी पाहिलेली नाही.

आता त्या चार स्टारबद्दल. ते विकणाऱ्याचे नसतात, वस्तूच्या पानाचे असतात. मोठ्या मार्केटप्लेसवर एका वस्तूचं एकच पान असतं आणि त्याला दहा विक्रेते आपापला भाव जोडतात. ज्याचा भाव आणि डिलिव्हरी ॲपच्या गणितात बसते, त्याचं नाव खरेदीच्या बटणामागे येतं. ते सकाळी एकाचं असतं, रात्री दुसऱ्याचं.

हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. एका ॲपवर आम्ही काजळ विकत होतो. डिस्ट्रिब्युटरकडून बिलावर घेतलेला माल, दीड-दोनशे चांगले रिव्ह्यू जमलेले. एके दिवशी विक्री एकदम थांबली. बघते तर आमच्याच पानाला दुसरा कुणी विक्रेता येऊन चिकटलेला, भाव आमच्या खरेदीपेक्षा कमी. पंधरा दिवसांत त्याच पानावर एक-एक स्टारचे रिव्ह्यू सुरू झाले: डोळे चुरचुरतात, टोपण बसत नाही, वास येतो. एक परत आलेलं काजळ चुकून आमच्याच पत्त्यावर आलं. कांडीवरचा बॅच नंबर बोटाने पुसला जात होता. ॲपकडे तक्रार केली, बिलं पाठवली. त्यांनी पानच बंद केलं, म्हणजे त्याच्याबरोबर आम्हीही बंद. तोवर जितक्या ग्राहकांनी ते घेतलं, त्यांनी आमच्या मालाचे जुने रिव्ह्यू वाचूनच घेतलं होतं.

म्हणून स्टार सोडून `Sold by` या शब्दांपुढचं नाव शोधा. ते बारीक अक्षरात, बटणाच्या खाली किंवा बाजूला असतं. त्यावर दाबलं की विक्रेत्याचं स्वतःचं पान उघडतं आणि त्याचं रेटिंग वेगळं दिसतं. ॲपच्या गोदामातून येणार असल्याचा जो शिक्का असतो त्याचा अर्थ एवढाच की माल त्यांच्या गोदामात ठेवलेला आहे. खोक्यात काय आहे याची हमी त्यात नाही.

रिव्ह्यू वाचायचेच असतील तर 'नवे आधी' असा क्रम लावा, आणि शब्दांपेक्षा ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा. येणाऱ्या मालाचे खरे फोटो तुम्हाला फक्त तिथेच दिसतील. गेल्या महिन्याभरात दोन-तीन जणांनी 'वास वेगळा आहे', 'आधी घेतलेल्यापेक्षा पातळ आहे', 'बॉक्सला सील नव्हतं' असं लिहिलं असेल तर मी पुढे वाचतच नाही. आणखी एक गंमत: सीरमच्या पानावर जुने रिव्ह्यू मोबाइलच्या कव्हरबद्दल बोलत असतील, तर जुनं चालतं पान बदलून त्यावर नवी वस्तू चढवलेली आहे.

विक्रेत्याच्या पानावर त्याचं नाव आणि पत्ता असायला हवा. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मार्केटप्लेसवर ते बंधन आहे. काही ठिकाणी जीएसटी क्रमांकही दिसतो. इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवरच्या विक्रेत्याला तो सरळ विचारा. पंधरा अक्षरांचा हा क्रमांक वाचता आला की बरंच कळतं. नमुना म्हणून असा, खोटाच:

```
27AAAPA0000A1Z5
```

पहिले दोन अंक राज्याचे. २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ गुजरात, ०७ दिल्ली. पुढची दहा अक्षरं मालकाच्या पॅनची. त्या पॅनमधलं चौथं अक्षर बघा: `P` असेल तर एकटा माणूस, `F` असेल तर भागीदारी, `C` असेल तर कंपनी. विक्रेता स्वतःला कंपनीचं 'अधिकृत स्टोअर' म्हणवतो आणि तिथे `P` आहे, तर निदान प्रश्न विचारायला जागा झाली. मग services.gst.gov.in वर जाऊन `Search Taxpayer` मध्ये हा क्रमांक टाका. लॉगिन लागत नाही. नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि तो कशाकशाचा धंदा दाखवतो हे समोर येतं. दोन महिन्यांपूर्वीची नोंदणी, धंदा प्लॅस्टिकच्या खेळण्यांचा, आणि विकतोय परदेशी सीरम, असं दिसलं की मी तिथून निघते. नोंदणी रद्द असेल तर विचारायलाच नको.

इथे एक अपवाद सांगते, नाहीतर तुम्ही एखाद्या गरीब माणसाला उगाच चोर ठरवाल. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवायही ऑनलाइन विकता येतं, पण फक्त स्वतःच्या राज्यात. तेव्हा येवल्याहून कुणी घरगुती साबण पाठवत असेल आणि जीएसटी क्रमांक नसेल तर त्यात काही गैर नाही. दिल्लीहून नाशिकला शूज पाठवणाऱ्याला मात्र नोंदणी लागतेच.

यानंतर मी वस्तूच्या पानावर खाली जाते, जिथे कुणी जात नाही. पॅकबंद वस्तू ऑनलाइन विकताना उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, वजन किंवा मिली, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हे पानावरच दाखवावं लागतं. वजनमाप कायद्याच्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत २०१८ पासून हे आहे. उत्पादनाचा महिना आणि वर्ष पानावर देण्याची सक्ती नाही, त्यामुळे ते नसलं तर संशय घेऊ नका. बाकीचं नसलं तर मात्र संशय घ्या.

हे वाचून नुसतं पुढे जायचं नाही, ताडून बघायचं. दुसऱ्या खिडकीत कंपनीची स्वतःची साइट उघडा. पत्ता स्वतः टाइप करा, जाहिरातीच्या दुव्यावरून जाऊ नका. तिथे तेच सीरम काढा आणि दोन्हीकडचा हा मजकूर शब्दागणिक जुळवा. कंपनीच्या साइटवर आयातदार म्हणून मुंबईची एखादी फर्म आहे आणि तुमच्या पानावर आयातदाराच्या जागी विक्रेत्याचंच नाव आहे, तर हा माल कंपनीच्या रस्त्याने आलेला नाही. मूळ देश वेगळा असणं, ब्रँडच्या रकान्यात `Generic` लिहिलेलं असणं, हेही असंच. मिली तर हमखास सापडतं. कंपनी ३० आणि ६० मिलीच बनवते आणि हा ५० मिली विकतो, तर ती बाटली कंपनीने कधी भरलीच नाही. नकली करणारा मिळेल त्या बाटलीत भरतो.

परदेशी कॉस्मेटिक्सला आणखी एक खूण असते. ती आयात करायला केंद्राच्या औषध नियंत्रकांकडे नोंदणी लागते, आणि लेबलवर तो नोंदणी क्रमांक व भारतातल्या नोंदणीधारकाचं नाव-पत्ता द्यावं लागतं. बहुतेक वेळा खोक्याच्या मागे एक वेगळा पांढरा स्टिकर असतो, त्यात `RC` अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक. भारतात बनलेल्या मालावर त्याऐवजी उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. पानावर खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटोच दिलेला नसेल, किंवा ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंत हा स्टिकर कुठेच दिसत नसेल, तर शक्यता दोनच. एक, नकली. दोन, कुणाच्या तरी बॅगेतून आलेला माल, आपल्याकडे म्हणतात तसा 'दुबईवरून आणलेला'. दुसरा कदाचित खरा असेलही, पण तोंडावर लाल चट्टे उठले तर त्याला उत्तर द्यायला इथे कुणी नाही. मी दोन्हीकडे सारखीच पाठ फिरवते.

इथे मी शूजपेक्षा जास्त कडक आहे. नकली बुटाने फार तर पाय दुखेल, सोल सुटेल. क्रीमचं तसं नाही. गोरं करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये पारा सापडतो. आपल्या नियमांनी चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालताच येत नाही. अनवधानाने उतरला तर दहा लाखांत एक भाग, याहून जास्त चालत नाही. पारा कातडीतून आत जातो आणि किडनी बिघडवतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींचं असंच झालं होतं, बातम्यांत आलं होतं. पाऱ्याला वास नाही, रंग नाही, आठवड्याभरात चेहरा उजळलेला दिसतो, म्हणून बायका उलट खूश होतात.

आता ज्या खुणांवर लोक भलता विश्वास टाकतात त्यांच्याबद्दल. बारकोड स्कॅन केला, नाव बरोबर आलं, म्हणजे खरा. नाही. बारकोड हे चित्र आहे, त्याची झेरॉक्स निघते. बॅच नंबर एखाद्या साइटवर टाकला, उत्पादनाची तारीख आली, म्हणजे खरा. नाही. नकली करणाऱ्याने एक खरी बाटली विकत घेतली आणि तिचाच बॅच हजार बाटल्यांवर छापला. अशा खुणा एकाच दिशेने चालतात: जुळल्या नाहीत तर संशय घ्या, जुळल्या तर काहीच सिद्ध होत नाही.

शूजच्या स्टाइल कोडचंही तसंच, पण तो पैसे देण्याआधी कामाला येतो म्हणून सविस्तर सांगते. मोठ्या कंपन्यांच्या प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक रंगाला वेगळा कोड असतो. तो जिभेच्या आतल्या किंवा बाजूच्या बारीक लेबलवर आणि खोक्यावर असतो. नाइकीचा असतो सहा अक्षर-अंक, मग आडवी रेघ, मग तीन अंक. रेघेपुढचे तीन अंक रंगाचे. पानावर कोड दिला असेल तर तो उचलून शोधा. दुसऱ्याच रंगाचा किंवा दुसऱ्याच मॉडेलचा बूट आला तर विषय संपला. चार रंगांना एकच कोड दिला असेल तरीही संपला. इन्स्टाग्रामवर विकणारा असेल तर त्याला सांगा: आतलं लेबल आणि खोक्याचं लेबल एकाच फोटोत पाठव, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेव. खरा माल हातात असलेल्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. 'सर, माल गोदामात आहे', 'ताई, भरोसा ठेवा', असं उत्तर आलं की तुमचं काम झालं.

भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पादत्राणांना १ ऑगस्ट २०२४ पासून आयएसआय खूण लागू झाली आहे, स्पोर्ट्स शूजही त्यात येतात. खुणेपाशी `CM/L` अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. तो `BIS CARE` ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा ते दिसतं. बुटावर एका कंपनीचं नाव आणि परवाना भलत्याच कारखान्याचा असेल तर आधी चौकशी करा. मोठे ब्रँड दुसऱ्यांच्या कारखान्यात बनवून घेतात, तेव्हा फक्त एवढ्यावरून निकाल लावू नका. क्रमांकच अस्तित्वात नसेल तर लावा. आणि खूण दिसली नाही म्हणून जोडा नकली असंही नाही, जुन्या साठ्याला सवलत दिली होती.

काही विक्रेते तर स्वतःच कबूल करतात, फक्त त्यांची भाषा आपल्याला कळत नाही. 'फर्स्ट कॉपी', 'मास्टर कॉपी', 'मिरर', '7A', 'प्रीमियम क्वालिटी', 'ब्रँड बॉक्ससहित' हे सगळे नकलीचेच दर्जे आहेत. '7A' ऐकायला मोठ्या ग्रेडचं सर्टिफिकेट वाटतं, पण असं कुठलंही सर्टिफिकेट नाही. 'एक्स्पोर्ट सरप्लस' आणि 'कस्टम्सने पकडलेला लॉट' या दोन कहाण्या तर मी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात ऑनलाइन येण्याच्या कितीतरी आधीपासून ऐकतेय. तिथे निदान जोडा हातात घेऊन वाकवून बघता यायचा.

कॅश ऑन डिलिव्हरी घेतली म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमज. पैसे दारात दिले तरी खोका उघडण्याआधीच देता. काही ॲप 'ओपन बॉक्स डिलिव्हरी' देतात, म्हणजे डिलिव्हरीवाल्यासमोर उघडून मग स्वीकारायचं. ती सोय असेल तर घ्या. नसेल तर पार्सलवरचा पत्ता दिसेल असा, न तोडता एकाच दमात उघडण्याचा व्हिडिओ काढा. याची गरज चांगल्या विक्रेत्याकडून घेतानाही पडते. लोक खरा जोडा मागवतात, खोक्यात नकली घालून परत करतात, आणि गोदामात नीट न तपासता तोच खोका पुढच्याला जातो. भावाकडे असे तीन खोके परत आलेले आहेत. यात विक्रेत्याचा दोष नसतो आणि तुमच्या आधीच्या कुठल्याही तपासणीत हे सापडत नाही. नकली माल परत घ्यायला विक्रेता नियमाने नाही म्हणू शकत नाही. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा. कॉस्मेटिक्स असेल तर नाशिकच्या एफडीए कार्यालयात बाटलीसकट जा. फेकून देऊ नका, तोच पुरावा.

रिकाम्या बाटल्यांचं मात्र उलट. माझ्याकडे एक भंगारवाला महागड्या परफ्यूमच्या आणि सीरमच्या रिकाम्या बाटल्या, खोक्यासकट असतील तर, वेगळा भाव देऊन मागायचा. कशाला, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून लेबल फाडूनच टाकते.

आता तुमच्या दोन वस्तू. सीरम सोडून द्या. हिशोबातच ते बसत नाही, बाकीचं तपासायची गरज उरत नाही. लेकीला म्हणावं, कंपनीच्या साइटवर त्याची लहान बाटली मिळते का बघ. आणि तेच मुख्य घटक, तेवढंच प्रमाण असलेली भारतीय कंपन्यांची सीरम ३५० ते ६०० च्या दरम्यान खरी मिळतात. परदेशी नावाच्या नकलीपेक्षा ती कधीही बरी.

शूजचं १,८९९ चं पान वर सांगितलेल्या साइझच्या कसोटीवर पडेल अशी माझी अटकळ आहे, पण तुम्ही स्वतः बघा. भरतीच्या सरावाला नकली जोडा मी तरी देणार नाही. वरून तोच दिसतो, पण मधला फोम साधा असतो, महिन्याभरात बसतो, आणि पोटरी-गुडघा बोलायला लागतो. भावाला विचारलं. तो म्हणाला, त्याच मॉडेलची मागची आवृत्ती शोधायला सांग. पायाला फरक फार जाणवत नाही आणि भाव निम्म्यावर येतो. मी कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बघितलं, ४,४९९ ला आहे. हा १,८९९ नाही, मान्य आहे. दोनच रंग उरलेत, राखाडी आणि एक भडक पोपटी. राखाडीत आठ आणि नऊ संपलेत, साडेआठ आहे. मुलाला आधी कॉलेज रोडला भावाच्या दुकानात पाठवा, त्या कंपनीचा साडेआठ पायात घालून चार पावलं पळू द्या. तिथे घ्यायलाच हवा असं नाही, भावाला मी सांगून ठेवते. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली तर त्याच दिवशी मागवा, कारण साडेआठही दोन दिवसांत जाईल.